फुटला आणि फोडला: पुराच्या कवितेतलं अर्धं यमक

प्रश्न: सांगलीच्या पुरावर बारा ओळींची कविता लिहिली आहे. पहिलं कडवं पूर्ण यमकात आहे. पुढे मुद्दाम अर्धं यमक ठेवलंय, आणि एके ठिकाणी ओळीच्या शेवटी शब्दच तोडलाय. वाचनाच्या वेळी दोघा-तिघांनी ‘यमक जमलं नाही’ असं सांगितलं. यमक सरळ करून टाकू का? नाही केलं, तर त्यातून नेमकं काय साधतं आणि ते त्यांना कसं पटवू?

नदी आली दारापाशी
चूल विझली उपाशी
हळदीची पोती ओली
पूल मोजतोय खोली

म्हणे बांधच फुटला
म्हणे कुणी तो फोडला
वरून पाणी सोडले
खालचे गाव बुडाले

ओसरला पूर सारा
गाळ साचलेला दारा-
समोर. पंचनाम्याला
तलाठी साहेब आला

उत्तर:

सगळं यमक सरळ करू नका. मात्र ऐकणाऱ्यांना जे खटकलं त्यात तथ्य आहे. या कवितेत एक अर्धं यमक अगदी नेमकं बसलंय, दुसरं घसरलंय, तोडलेला शब्द योग्य जागी तुटलाय, आणि शेवटचं यमक गरजेपेक्षा जास्त जुळलंय. ऐकणाऱ्यानं हे चारही प्रकार एकाच दमात ऐकले, म्हणून त्याला सगळंच फसल्यासारखं वाटलं. आपण एकेक जोडी वेगळी काढून पाहू.

आधी पहिलं कडवं. अक्षरं मोजली तर प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे आणि यमक दोन-दोन ओळींत लागतं. दारापाशी-उपाशी, ओली-खोली. दोन्ही जोड्यांत उपांत्य स्वरापासून पुढचं सगळं सारखं आहे: ‘आशी’ आणि ‘ओली’. पूर्ण यमकाची एवढीच अट असते. या चार ओळी ऐकल्यावर कानाला नियम कळतो: आठ अक्षरं, मग जुळणी, पुन्हा आठ, पुन्हा जुळणी. पुढचं सगळं या नियमावर उभं आहे. अर्धं यमक अर्धं वाटायचं असेल तर पूर्ण यमक कुठे यायला हवं होतं हे कानाला आधी ठाऊक असावं लागतं. कविता थेट दुसऱ्या कडव्यापासून सुरू झाली असती, तर फुटला-फोडला ही ढिली जुळणी आहे की मुद्दाम केलेली, हे कुणालाच कळलं नसतं. त्यामुळे पहिल्या कडव्याला हात लावू नका. ‘पूल मोजतोय खोली’ ही ओळ तर सांगलीकराला समजावून सांगावी लागत नाही. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे पुराच्या दिवसांत घराघरात तोंडपाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांपर्यंत चढली होती. ओळीत एक खरी वस्तू आली आणि यमकही नैसर्गिकपणे आलं.

आता दुसऱ्या कडव्याची पहिली जोडी. ‘फुटला’ आणि ‘फोडला’ हे शब्द एकाखाली एक लिहा आणि एकेक ध्वनी ताडून बघा. सुरुवातीचा फ दोन्हीकडे तोच. शेवटचा ‘ला’ तोच. मधे उ चा ओ झाला आणि ट चा ड झाला. उ आणि ओ दोन्ही ओठ गोल करून म्हणायचे स्वर. ओ ला तोंड जरा जास्त उघडतं इतकंच. ट आणि ड उच्चारताना जीभ एकाच जागी टेकते, ड ला फक्त घशातला घोष मिसळतो. म्हणजे शब्दाचा सांगाडा कायम राहिला आणि आतले दोन ध्वनी शेजारच्या घरात सरकले. अर्ध्या यमकाची ही सर्वांत घट्ट जात. इंग्रजी कवितेत पहिल्या महायुद्धात 1918 साली मारला गेलेला कवी विल्फ्रेड ओवेन याने ती कसून वापरली. मेलेल्या शत्रुसैनिकाच्या भेटीवरच्या त्याच्या कवितेत ‘हॉल’ची जोडी ‘हेल’शी लागते: दोन्ही बाजूंची व्यंजनं तीच, मधला स्वर वेगळा. कान जुळणीच्या अगदी जवळ जातो आणि पायरी चुकल्यासारखा पुढे पडतो.

पण मराठीत या जोडीला आणखी एक बळ आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मराठी धातूंत अशा जोड्या आयत्या तयार आहेत: फुट-फोड, तुट-तोड, सुट-सोड, मर-मार, पड-पाड. प्रत्येक जोडीतला पहिला धातू आपोआप घडलेली गोष्ट सांगतो आणि दुसरा कुणीतरी केलेली. बांध फुटला यात कर्ता नाही. बांध फोडला म्हटलं की कुणी, हा प्रश्न उभा राहतो. ध्वनीत जिथे फरक पडतो त्याच जागी अर्थात फरक पडतो. ऐकणाऱ्याला जुळणी अपुरी लागते आणि त्याच क्षणी दोन बातम्याही एकमेकींशी जुळत नाहीत. पुरानंतर गावात नेमकं हेच तर चालू असतं. एक जण सांगतो आपसूक झालं, दुसरा सांगतो केलं गेलं, आणि दोघांच्याही वाक्याआधी ‘म्हणे’ असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इतकंच सांगायचं होतं तर यमकाचा खटाटोप कशाला, मुक्तछंदात सरळ लिहा. करून बघा. ‘बांध फुटला की फोडला, काही कळत नाही’ असं लिहिलं की प्रश्न कवीनं विचारला, वाचकाला उरलं फक्त उत्तर. तुमच्या दोन ओळींत प्रश्नचिन्ह नाही, ‘की’ नाही, शंकाही नाही. दोन्ही विधानं ठाम आहेत. ओळीच्या शेवटी दोन शब्द सारख्या जागी आल्यामुळे ते एकमेकांशी ताडून पाहायचं काम कान स्वतःहून करतो. यमकाची जागा राखून यमक अर्धं ठेवण्यातून साधतं ते हे, आणि जागाच सोडून दिली तर ते साधत नाही.

आता पूर्ण यमक केलं असतं तर काय झालं असतं, तेही लिहून बघू. ‘म्हणे बांधच फुटला’नंतर कानाला आपोआप सुचणारे शब्द म्हणजे तुटला, लुटला, सुटला. त्यातला एक घेऊ:

म्हणे बांधच फुटला
सारा संसार लुटला

आठ अक्षरं बरोबर, यमक चोख, चाल लावायलाही सोपं. पण ‘फुटला’मागचा कुणीतरी ओळीतून नाहीसा झाला. संसार कुणी लुटला? पाण्यानं. म्हणजे कुणीच नाही. पुराच्या प्रत्येक गाण्यात असणारं दुःख यात आलं, तुमच्या गावचा वाद मात्र हरवला. हे यमकामुळे झालं, कारण फुटला या शब्दानं स्वतःच्या आवाजाचा सोबती शोधला आणि सोबती आपला ठरलेला अर्थ घेऊन आला. वाचनाच्या वेळी ज्यांनी यमक जमलं नाही म्हटलं त्यांना पटवायचं असेल तर भाषण देऊ नका. हे दोन्ही पर्याय एकामागोमाग एक वाचून दाखवा आणि विचारा, बांधाचं काय झालं ते कोणत्या जोडीतून जास्त कळलं.

क्रमाकडेही लक्ष द्या. तुमच्याकडे आधी फुटला आहे, मग फोडला. म्हणजे सबब आधी आणि आरोप नंतर, आणि शेवटचा शब्द आरोपाचा. उलटं लिहिलं, आधी फोडला आणि मग फुटला, तर आरोप मागे घेतल्यासारखा वाटेल. दोन्ही क्रमांनी चांगली कविता होऊ शकते, पण त्या दोन वेगळ्या कविता असतील.

आता घसरलेली जोडी: सोडले-बुडाले. कागदावर दोन्हीकडे ड दिसतो, दोन्हीकडे ले दिसतो, म्हणून लिहिताना तुम्हाला ती फुटला-फोडलाच्या जातीची वाटली असणार. मोठ्यानं म्हणा. ‘सोडले’ बोलताना सोड्-ले असा दोनच ठोक्यांचा होतो, ड ला स्वर उरत नाही. ‘बुडाले’ बु-डा-ले असा तीन ठोक्यांचा, आणि त्यातला जोर ‘डा’वर. एकाचा शेवट ‘ओड्ले’, दुसऱ्याचा ‘आले’. दोघांत कानाला खरोखर सारखं मिळतं ते फक्त ‘ले’. आणि हा ‘ले’ धातूचा नव्हेच, तो भूतकाळाचा प्रत्यय आहे. मराठीत अर्धं यमक फसतं ते बहुतेक वेळा इथेच. आपल्या भाषेत भूतकाळी क्रियापद ओळीच्या शेवटी ठेवलं की ला-ली-ले आपोआप जुळतं. आला-गेला, आणले-पाहिले, अशा जोड्या हव्या तितक्या करता येतात. त्यामुळे प्रत्ययापुरतं जुळलेलं यमक मराठी कानाला ‘मुद्दाम अर्धं ठेवलेलं’ वाटत नाही. ‘कष्ट न घेता पूर्ण केलेलं’ वाटतं. तुमच्या श्रोत्यांचा कान इथेच उडाला असावा, आणि मग त्या नजरेनं त्यांनी आधीची चांगली जोडीही मोडीत काढली.

तपासायची रीत साधी आहे. शेवटच्या दोन शब्दांचे प्रत्यय कापून टाका आणि उरलं ते ऐका. फुटला-फोडलामधून ‘ला’ काढा: फुट, फोड. अजूनही एकमेकांची ओळख पटते. सोडले-बुडालेमधून ‘ले’ काढा: सोड, बुडा. ओळख पुसट झाली. आला-गेला घ्या: आ, गे. काहीच उरलं नाही. प्रत्यय काढल्यावर निदान एक व्यंजन त्याच जागी जुळत असेल आणि बाकीचे ध्वनी जवळपासचे असतील, तर अर्धं यमक टिकतं.

ही जोडी दुरुस्त करायला दूर जावं लागत नाही, कारण ‘सोडले’चा जोडीदार त्याच धातूच्या घरात बसलेला आहे:

वरून पाणी सुटले
वरून पाणी सोडले

पहिली पाच अक्षरं हुबेहूब, आणि फरक फक्त शेवटच्या शब्दात. आधीच्या जोडीत दोन ओळींची सुरुवात थोडी वेगळी होती. इथे तीही सारखी झाल्यानं सगळा भार सुटले-सोडलेवर येतो. आणि कृष्णाकाठी हे दोन शब्द किती जड आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. कोयनेतून किती विसर्ग झाला, अलमट्टीचं पाणी वेळेत पुढे गेलं की नाही, यावर 2005 आणि 2019 नंतर किती वाद झडले. पाणी सुटलं म्हणणारा आणि सोडलं म्हणणारा यांच्यात एका स्वराचं आणि एका व्यंजनाचं अंतर आहे, आणि सगळं भांडण त्या अंतरात आहे. ‘खालचे गाव बुडाले’ ही ओळ गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. हळदीची पोती भिजली तेव्हाच गाव बुडालं हे आपल्याला कळलं होतं.

एक बारीक खबरदारी. सातारा-सांगलीत आपण बोलताना सुटलं, सोडलं म्हणतो आणि लिहिताना सुटले, सोडले. दोन्हीपैकी काहीही ठेवा, पण जोडीत एकच ठेवा. एका ओळीत ‘सुटलं’ आणि दुसरीत ‘सोडले’ आलं तर अर्ध्या यमकाचा फरक धातूतून निसटून प्रत्ययात जातो आणि ऐकणाऱ्याला चूक वाटते. अर्धं यमक जितकं नाजूक, तितकं त्याच्याभोवतीचं बाकी सगळं काटेकोर हवं. आठ अक्षरांचा हिशोब तुम्ही शेवटपर्यंत पाळलाय, तो म्हणूनच कामाचा आहे. ज्यांचं आडनाव साताऱ्याकडच्या मर्ढे गावावरून आलं त्या बा. सी. मर्ढेकरांनी आधुनिक शहरी आशय अभंगाच्या आणि ओवीच्या जुन्या साच्यात ओतला. साचा ओळखीचा असल्यामुळेच आतला धक्का जाणवतो. यमक आणि छंद दोन्ही एकाच वेळी ढिले केले तर धक्का देणारं काहीच उरत नाही.

आता तोडलेला शब्द. ‘दारा-’ आणि पुढच्या ओळीत ‘समोर’. इथे यमक पूर्ण आहे, सारा-दारा, पण ते मिळवण्यासाठी शब्द अर्ध्यात कापला आहे. इंग्रजीत हॉपकिन्स या कवीनं 1877 मधल्या ससाण्यावरच्या कवितेत ‘किंगडम’ हा शब्द ‘किंग’पाशी तोडून त्याचं यमक ‘विंग’शी लावलं होतं. तिथे तोडल्यावर ‘किंग’ हा स्वतंत्र शब्द उरतो, म्हणून वाचकाला क्षणभर आधी राजा दिसतो आणि मग राज्य. मराठीत तोडायच्या जागा निराळ्या आहेत आणि माझ्या मते जास्त सोयीच्या आहेत, कारण आपल्या शब्दाला शब्दयोगी अव्यय चिकटतं तिथे एक नैसर्गिक सांधा असतो. दार अधिक समोर म्हणजे ‘दारासमोर’. ‘दारा’ हे सामान्यरूप. ते वाक्यात एकटं उभं राहू शकत नाही. पुढे समोर, पाशी, मागे, वर असं काहीतरी आलंच पाहिजे. ओळ संपली, यमकही लागलं, पण व्याकरण संपलं नाही. कान म्हणतो झालं, भाषा म्हणते अजून नाही. आणि या ओळीत काय साचलंय, तर दारात आडवा आलेला गाळ. वाक्याला दारापाशी अडावं लागतं हे त्या गाळाचंच काम आहे. ओळीचा तुटलेपणा अर्थाला लागून आला आहे, म्हणून तो ठेवावा.

शब्द कुठे तोडू नये हेही सांगतो. शब्दाच्या मूळ रूपाच्या आत तोडू नये: ‘समो-/र’ किंवा ‘चिख-/ल’ केलं तर पहिल्या तुकड्यातून पुढचं काहीच अपेक्षित होत नाही, फक्त अडखळल्यासारखं होतं. आणि तुकडा स्वतंत्र शब्द म्हणून ऐकू येतो तिथे तो अर्थ तुम्हाला हवा आहे का ते बघा. ‘पंच-/नामा’ असं तोडलं तर श्रोत्याला आधी पंच ऐकू येतील, पंचनाम्यावर सही करणारी माणसं. कवितेला ती माणसं हवी असतील तर उत्तम, नको असतील तर गोंधळ. जोडशब्दाच्या सांध्यावर, म्हणजे ‘हाता-/पायांत’, ‘घरा-/दारातून’ असं तोडता येतं. तिथेही पहिला तुकडा पुढच्याची वाट पाहतो. बारा ओळींत असं एकदाच करावं. दुसऱ्यांदा केलं की ती सवय वाटते आणि पहिल्याचा जोर जातो.

तुमच्या वाचनात फसलं असेल ते बहुधा इथेही, आणि इथे ते कवितेत नव्हे, म्हणण्यात. कागदावर ‘दारा’पुढची आडवी रेघ दिसते, सभागृहात दिसत नाही. ‘दारा’ म्हणून तुम्ही नेहमीसारखा आवाज खाली आणलात आणि श्वास घेतलात, तर ऐकणाऱ्याला तो पूर्ण झालेला शब्द वाटतो आणि अर्थ लागत नाही. तिथे सूर खाली आणू नका. ‘रा’चा आ किंचित लांबवा, श्वास न घेता ‘समोर’ म्हणा आणि खरी विश्रांती ‘समोर’नंतरच्या पूर्णविरामावर घ्या. त्या ओळीची रचना तीन अधिक पाच अक्षरांची झाली आहे. तो तीनवरचा थांबा नीट आला की मागची तोड आपोआप कळते. याच कारणानं ही कविता गाण्याच्या चालीत म्हणू नका. चाल लावली की ओळीचं शेवटचं अक्षर ताणलं जातं, फुटलाऽऽ, फोडलाऽऽ, आणि सगळा कान ‘ला’वर खिळतो. फरक ज्या ‘फुट’ आणि ‘फोड’मध्ये आहे तो घाईत निघून जातो. वाचताना जोर धातूवर द्या, प्रत्यय हलका सोडा.

राहिला शेवट. ‘पंचनाम्याला / तलाठी साहेब आला’. याला-आला हे यमक पूर्ण आहे, आणि तेच इथे नडतं. पूर्ण यमकानं कविता मिटते. दोन अर्ध्या जोड्या आणि एक तुटलेला शब्द यांनी उभी केलेली अस्वस्थता शेवटच्या ओळीत शांत होऊन जाते: पूर आला, गेला, साहेब आला, प्रकरण मिटलं. तुम्हाला असं म्हणायचं असेल तर ठेवा. पण दुसऱ्या कडव्यातला वाद ज्या माणसानं लिहिला त्याला इतकं समाधान हवं असेल असं मला वाटत नाही. शिवाय ‘साहेब’ आणि ‘आला’ एकत्र आल्यानं ओळीत एक टोमणा शिरतो. तो बाकी कवितेच्या सुरात बसत नाही. मी असं सुचवेन:

समोर. पंचनाम्याला
कागद ओला नि काळा

इथे शेवटी ल आणि ळ समोरासमोर येतात. दोन्हीकडे स्वर तेच, आ आणि आ. जीभ मात्र ल ला दातांमागे टेकते आणि ळ ला मागे वळते. पूर्ण यमकापासून एकच पाऊल दूर, म्हणजे अर्ध्या यमकातला हा सर्वांत हलका प्रकार. त्यातही ‘ओला’ शब्दात ‘ला’ एकदा वाजून जातो, त्यामुळे कानाला वाटतं यमक लागलं, आणि त्यानंतर ‘काळा’ येतो. तलाठी ओळीत नाही, पण पंचनामा आहे म्हणजे तो आहेच. कागदावर काही लिहिता येईल की नाही, हे मात्र उघडं राहतं.

ल-ळचा हा फरक आपल्या भागात भरवशाचा आहे. सातारा-सांगलीच्या बोलण्यात ळ ठसठशीत उमटतो, मळा आणि मला यांत कुणाची गफलत होत नाही. न आणि ण यांचं तसं नाही. आपल्याकडे ग्रामीण बोलीत पाणी ‘पानी’ होतं, कोण ‘कोन’ होतो. त्यामुळे पुढच्या कवितेत कधी ‘उणे-जुने’ अशी जोडी अर्धं यमक म्हणून योजलीत, तर प्रमाण उच्चार करणाऱ्याला ती अर्धी लागेल आणि गावाकडच्या कानाला पूर्ण. कविता कोणाच्या आवाजात बोलते आहे हे आधी ठरवा, मग अशी जोडी वापरा. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी ती असेल तर तिच्यावर अर्धेपणाचा भार टाकू नका, तो कुणाला जाणवणारच नाही.

एकूण बघितलं तर दुरुस्तीनंतर सहा जोड्यांपैकी तीन पूर्ण राहतात: दारापाशी-उपाशी, ओली-खोली, सारा-दारा. तीन अर्ध्या: फुटला-फोडला, सुटले-सोडले, पंचनाम्याला-काळा. हे प्रमाण मला योग्य वाटतं. चौथी जोडीही अर्धी केली तर कान पूर्ण यमकाची वाट पाहणं सोडून देईल. अर्ध्या जोड्या जवळजवळच्या ओळींत आहेत हेही बरोबर आहे. पूर्ण यमक तीन ओळींच्या अंतरावरूनही ओळखू येतं, अर्धं यमक इतकं लांब पोचत नाही. हीच कविता एकाआड एक ओळीच्या यमकात लिहिली असतीत, तर फुटला-फोडलाच्या मधे एक परकी ओळ आली असती आणि ती जोडी अर्धी ऐकू आली असती की नाही, शंकाच आहे.

पुढच्या वाचनाआधी एक चाचणी करून घ्या. ज्यानं कविता पाहिलेली नाही अशा कुणाला तरी समोर बसवा आणि दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत ‘म्हणे कुणी तो’ इथवर वाचून थांबा. त्याला काय सुचतं ते विचारा. ‘तोडला’, ‘फोडला’ असं काही आलं तर अर्थानं ओळ पुढे ओढली आहे, तुमचं अर्धं यमक अपेक्षित जागी पोचलं. ‘लुटला’, ‘कुटला’ असं आलं तर आवाजाची ओढ अर्थापेक्षा जास्त आहे. मग वाचताना ‘कुणी’वर थोडा जोर द्या, म्हणजे कर्ता ऐकू येईल आणि कान त्यामागे जाईल. सारा-दारा जोडीसाठी हीच चाचणी उलटी करा: ‘गाळ साचलेला दारा’ म्हणून क्षणभर थांबा. ऐकणारा ‘दारात काय?’, ‘दारापुढे?’ असं काही विचारू लागला तर तोड काम करते आहे. तो नुसती मान डोलावून गप्प राहिला तर त्याला वाक्य पूर्ण वाटलं आहे, म्हणजे तुमचा सूर खाली गेला.

दिवाळी अंकाला पाठवणार असाल तर ‘दारा’पुढच्या रेघेबद्दल संपादकांना वेगळी ओळ लिहून कळवा. मुद्रितशोधनात ती चूक समजून काढली जाण्याची किंवा ‘दारासमोर’ असा अख्खा शब्द खालच्या ओळीत उतरवला जाण्याची शक्यता खरी आहे. तसं झालं तर वरच्या ओळीत सहाच अक्षरं उरतील, खालची दहाची होईल आणि यमकही जाईल. ‘समोर’नंतरच्या पूर्णविरामाचंही त्याच चिठ्ठीत लिहा, कारण कवितेत ओळीच्या मधला पूर्णविराम पुष्कळदा स्वल्पविराम होऊन छापला जातो.